पाऊस, पावलं आणि पुढचं काम एका नजरेत पाहिजे तर कुठलं घड्याळ घ्यायचं?

स्मार्टवॉच घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा फेसच दाखवत सुटतो, हे बघा फुलांचं, हे बघा फायटर जेटचं, आणि आपण पण त्यातच रमतो. पण तुम्हाला मनगट वर केल्या केल्या पाऊस येणार काय, आज किती चाललो आणि पुढचं काम किती वाजता एवढ्या तीन गोष्टी टॅप न करता दिसायला पाहिजे असतील, तर डिझाइन सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते हे की फेसवरच्या त्या लहान लहान खिडक्यांमध्ये, म्हणजे कॉम्प्लिकेशनमध्ये, माहिती येते कुठनं.

स्टेप्स घड्याळाच्या स्वतःच्या सेन्सरमधनं येतात, त्यामुळं फोन घरी विसरला तरी आकडा चालू राहतो. वेदर नेटवरनं येतंय, बहुतेक वेळा फोनमार्फत. कॅलेंडर येतंय फोनमधल्या तुमच्या गूगल नाहीतर अॅपल अकाउंटमधनं. तिन्ही वाटा वेगळ्या, म्हणून बिघडतात पण वेगवेगळ्या कारणानं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढची तुलना सोपी आहे.

पर्याय साधारण तीन. आयफोन असेल तर अॅपल वॉच. अँड्रॉइड असेल तर गूगलच्या वेअर ओएस सिस्टीमवालं, म्हणजे गॅलक्सी वॉच 4 आणि त्यानंतरची किंवा पिक्सेल वॉच. आणि तिसरं ते दोन-तीन हजारातलं, बेळगावच्या खडेबाजारात कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळणारं. इथं अर्धा निर्णय फोनच करून टाकतो बघा, कारण अॅपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही आणि गॅलक्सी वॉच 4 आणि त्यानंतरची किंवा पिक्सेल वॉच आयफोनला चालत नाहीत. तिसरं मात्र दोन्हीला चालतंय.

स्वस्तातल्यापासनं सुरू करू कारण बहुतेक जण तिथंच अडकतात. ह्याच्यात फेस म्हणजे एक तयार चित्र असतंय, त्यात स्टेप्स कुठं आणि टेम्परेचर कुठं हे बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतंय. तुम्ही ऍपमधनं दुसरा फेस डाउनलोड करायचा, तो ब्लूटूथनं घड्याळात जायला थोडा वेळ लागतो, पण 'ही खिडकी काढून इथं पावसाची शक्यता टाक' असं बहुतेक मॉडेलमध्ये जमत नाही. काहींत एक-दोन जागा बदलता येतात, ते घेण्याआधी दुकानातच फेस दाबून धरून बघून घ्या. स्टेप्स ठीक दिसतात. वेदर फोनमधलं ऍप पाठवतंय, आणि फोनच्या बॅटरी सेव्हरनं ते ऍप मागं बंद केलं की घड्याळ शेवटचा आकडा तसाच धरून बसतंय. सकाळचं ऊन दुपारी धो धो पावसात पण दाखवत असेल तर तेच झालंय समजा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या ऍपला बॅटरीसाठी अनरिस्ट्रिक्टेड करा, लोकेशन पण 'ऑल द टाइम' द्या. कॅलेंडरच्या नावाखाली बऱ्याचदा नुसती तारीख आणि वार असतो. दहा वाजता बँकेत जायचंय हे फेसवर येणार नाही, फार तर फोनवरचं नोटिफिकेशन थरथरून येईल आणि जाईल. म्हणजे तीनातलं एक पूर्ण, एक अर्धं आणि एक नाहीच. बॅटरी मात्र बरेच दिवस जाते, हा ह्याचा खरा फायदा आणि तो लहान नव्हे.

आता अॅपल. खिडक्या बदलायला सगळ्यात सोपं हेच. फेस दाबून धरायचा, एडिट, मग डावीकडं सरकवत कॉम्प्लिकेशनपर्यंत जायचं, जागेवर टॅप करायचं आणि बाजूचा क्राउन फिरवून पाहिजे ते निवडायचं. फोनवरच्या वॉच ऍपमधनं पण हेच होतंय आणि मोठ्या स्क्रीनवर जास्त बरं पडतंय. आपल्या तीन गोष्टींसाठी मॉड्युलर ड्युओ हा फेस जणू मापानं शिवलाय, दोन आडव्या मोठ्या जागा आणि एक लहान. एका मोठ्या जागेत वेदरचा तासातासाचा अंदाज, दुसऱ्यात कॅलेंडर, लहान जागेत स्टेप्स. पण तो सिरीज 7 आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये मिळतो. अॅपलचंच स्वस्तातलं, दुसऱ्या पिढीचं एसई असेल तर साधा मॉड्युलर घ्या, त्यात मोठी जागा एकच, मग तिथं पाऊस ठेवायचा का कॅलेंडर हे भांडण तुम्हीच सोडवा. मी म्हणेन कॅलेंडर, कारण पावसाला एक टक्केवारी पुरते पण 'कुठं जायचंय' हे लहान गोलात मावत नाही. सेकंडहँड सिरीज 3 कोणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, त्यात भरपूर खिडक्यांचे इन्फोग्राफ फेसच नाहीत आणि घड्याळाची सिस्टीम watchOS 8 च्या पुढं जात नाही.

एक गंमत मात्र आहे, आणि घेतल्यावर कळली तर गंमत वाटत नाही. अॅपलची ती तीन रिंगांची खिडकी स्टेप्स दाखवत नाही. लाल रिंग कॅलरीची, हिरवी व्यायामाच्या मिनिटांची, निळी किती तासांत उठून उभं राहिलात त्याची. पावलांचा आकडा अॅक्टिव्हिटी ऍप उघडून खाली स्क्रोल केल्यावर मिळतो. फेसवरच पाहिजे तर Pedometer++ सारखं ऍप टाकून, ते मागेल ती परवानगी देऊन, त्याची खिडकी लावायची. काम होतंय, फक्त एवढ्या महाग घड्याळात स्वस्तवाल्याला जमतंय ते बाहेरनं आणावं लागतंय एवढंच.

वेअर ओएसमध्ये मामला मधला आहे. फेस दाबून धरा, कस्टमाइझ, जागा निवडा, यादीतनं ऍप निवडा, झालं. स्टेप्स सरळ येतात, तेही टार्गेटच्या गोल पट्टीसकट. पण अडकायची जागा इथं वेगळी आहे. फेस बनवणारा प्रत्येक जागेचा प्रकार ठरवून ठेवतो, आणि लहान गोल जागेत साधारण सात अक्षरांचा मजकूर धरून चालतात. पाऊस 60% बसतंय, 8,240 पावलं बसतात, पण 'मामांच्या घरी वास्तुशांत' कसं बसणार? म्हणून कॅलेंडर पाहिजे असेल तर ज्याच्यात एक लांब आडवी जागा आहे असाच फेस शोधा, नुसते चार गोल असलेला नको. इव्हेंटचं नाव लिहिताना पण मुख्य शब्द आधी लिहायचा, 'उद्या सकाळी डॉक्टरकडं' असं न लिहिता 'डॉक्टर', वेळ तर कॅलेंडर दाखवतंयच.

दुसरं म्हणजे यादीत एकाच गोष्टीसाठी दोन-दोन ऍप दिसतात. स्टेप्स एका खिडकीत सॅमसंग हेल्थचे आणि दुसऱ्या फेसवर दुसऱ्या ऍपचे लावले तर आकडे जुळणार नाहीत, घड्याळ खराब नव्हे, मोजणारे दोन आहेत. एकच धरा. आणि वेदर दर मिनिटाला बदलेल अशी अपेक्षा नको. वेअर ओएसमध्ये खिडकीनं ठरावीक वेळानं स्वतःहून ताजी माहिती मागायची म्हटली तर पाच मिनिटांच्या आत मागताच येत नाही, आणि बॅटरी वाचवायला वेदरची ऍप त्याहून बरीच उशिरा मागतात. आत्ता थेंब पडायला लागले का हे घराच्या खिडकीतनं बाहेर बघूनच कळतंय की. पैसे देऊन फेस घेणार असाल तर एक अजून, गॅलक्सी वॉच 7 आणि पिक्सेल वॉच 3 पासनं जुन्या पद्धतीनं बनवलेले फेस चालत नाहीत, म्हणून प्ले स्टोअरवर आपल्या मॉडेलसाठी आहे का बघूनच पैसे भरा.

आता हे सगळं एका माणसावर लावून बघू. माझा मामेभाऊ खानापूरला राहतोय, कामाला रोज बेळगावात उद्यमबागेत, बाईकनं. फोन सॅमसंगचा. जून ते सप्टेंबर त्याला टेम्परेचरचा काडीचा उपयोग नाही, रोज तेच बावीस-चोवीस. त्याला पाहिजे पावसाची शक्यता, रेनकोट घालूनच निघायचं का डिकीत ठेवायचा एवढं ठरवायला. पण कुठली शक्यता? संध्याकाळी फॅक्टरीतनं निघताना घड्याळ करंट लोकेशनवर असलं तर ते बेळगावचं दाखवणार, आणि बेळगावात कोरडं असताना खानापूरकडं घाटाच्या बाजूला झोडपत असतंय हे इथल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून त्याच्या फोनमधल्या वेदर ऍपमध्ये खानापूर वेगळं ऍड करून तेच मुख्य ठेवायला सांगितलं, आणि घड्याळातल्या वेदरवर टॅप करून वर गावाचं नाव काय येतंय ते वाचून घ्यायला लावलं. नाव वाचल्याशिवाय टक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही. अॅपलवाल्यांना हेच वॉच ऍपमध्ये वेदर, मग डिफॉल्ट सिटी इथं मिळतंय. अथणी, रायबागकडच्या लोकांना हा त्रास तेवढा नाही, तिकडं पाऊसच कमी, त्यांनी उन्हाळ्यात टेम्परेचर नाहीतर यूव्ही लावावं.

कॅलेंडरला त्यानं शिफ्ट टाकल्या आहेत. पहिल्यांदा खिडकीत शिफ्टच्या ऐवजी सणवार यायला लागले, कारण गूगलमधलं सुट्ट्यांचं कॅलेंडर चालू होतं आणि दिवसभराचा इव्हेंट जागा खात होता. ते कॅलेंडर बंद केलं की शिफ्ट दिसायला लागली. आयफोनवर वॉच ऍपच्या कॅलेंडरमध्ये कस्टम करून कुठली कॅलेंडरं घड्याळात यायची ते निवडता येतंय, त्यामुळं फोनवर सण राहू देत आणि घड्याळावर फक्त काम.

त्याच्यासाठी उत्तर गॅलक्सी वॉच हेच होतं, लांब जागेत शिफ्ट, एका गोलात खानापूरचा पाऊस, दुसऱ्यात पावलं. रोज किंवा एकाआड एक दिवस चार्जिंग मात्र आलंच. अॅपलचं पण तसंच, बऱ्याच मॉडेलवर कंपनीच 18 तास सांगते. स्क्रीन कायम चालू, म्हणजे ऑलवेज ऑन, ठेवून मीटिंगची नावं शेजारच्याला दिसत असतील तर अॅपलमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ऑलवेज ऑनखाली Show Complication Data आहे, तिथनं कॅलेंडर लपवा, हात वर केल्यावरच दिसेल.

आता सरळ सांगायचं तर आयफोन हातात असेल आणि कॅलेंडरवर दिवस चालत असेल तर सिरीज 7 किंवा पुढचं घ्या आणि मॉड्युलर ड्युओ लावा. अँड्रॉइड असेल आणि तिन्ही पाहिजेत तर वेअर ओएस, गॅलक्सी वॉच 4 सारखं जुनं सेकंडहँड मिळालं तरी चालतंय पण बॅटरी दिवसभर जाते का ते आधी बघा. कॅलेंडर वापरतच नाही, वेळ, पावलं आणि साधारण हवामान बास, आणि रोज चार्जिंगला लावायचा कंटाळा, तर दोन-तीन हजारातलं घ्या, उरलेल्या पैशात चांगला रेनकोट येतोय.