लग्नाच्या ताटातील उष्मांक मोजताना : कॅलरी नोंदवणारे ॲप, सात महिन्यांचा अनुभव

वजन कमी करण्यासाठी घेतलेले हे ॲप मी तुळशीच्या लग्नापासून नियमित वापरतो आहे, आणि घरच्या वरण-भात-पोळीसाठी ते उत्तम आहे. लग्नातील बुफेच्या ताटासाठी मात्र त्याने दिलेला आकडा जसाच्या तसा घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

नागपुरातील एका लग्नात मी दोन सांबारवड्या, एक वाटी पनीरची भाजी, एक वाटी पाटोडी रस्सा, दोन पुऱ्या आणि दोन गुलाबजाम घेतले. प्रत्येक पदार्थाची कमीत कमी आणि जास्तीत जास्त बाजू मी अशी धरली : सांबारवड्या 220 ते 320, पनीर 250 ते 400, रस्सा 180 ते 320, पुऱ्या 160 ते 220, गुलाबजाम 280 ते 360. बेरीज 1090 ते 1620 कॅलरी झाली. ॲपने मात्र 1230 ते 1480 दाखवले, कारण एका पदार्थातील चूक दुसऱ्यातील चुकीने भरून निघते, असे ते गृहीत धरते. पदार्थ वेगवेगळ्या हातचे असते, तर ते बरोबरच ठरले असते. पण एका मांडवात आचारी एकच असतो. त्याचा तेलाचा हात सैल असला, की वडी, भाजी, रस्सा आणि पुरी ही चारही एकदमच जड होतात. म्हणून मी रुंद पट्टाच नोंदवतो.

या 530 कॅलरींच्या फरकात गुलाबजामांचा वाटा फक्त 80 आहे, हे मला आधी खरे वाटले नव्हते. पाकातला गुलाबजाम आकारावरून बऱ्यापैकी ओळखता येतो, तेल मात्र दिसत नाही. खात्री करण्यासाठी घरी सांबारवड्या तळल्या, तेव्हा कढईतील तेलाचे वजन आधी आणि, ते पूर्ण निवल्यावर, नंतर काट्यावर केले. 24 वड्यांना 120 ग्रॅम तेल कमी भरले, म्हणजे वडीमागे 5 ग्रॅम, सुमारे 45 कॅलरी. तेल पुरते तापलेले नसताना सोडलेली वडी याहून जास्त पिते. ती कागदावर ठेवली की डाग पसरत जातो, आणि अशी वडी दिसली की मी वरचाच आकडा धरतो.

रश्शाबाबतही तसेच. एक मोठा चमचा तर्री म्हणजे साधारण 14 ग्रॅम तेल, सव्वाशे कॅलरी. पळी वरून फिरवली की तळातून घातली, एवढ्यावरच जवळजवळ सगळा फरक पडतो. ॲपमध्ये ‘एक वाटी’ एवढाच पर्याय आहे, तर्रीसाठी जागा नाही. मी ती ‘तेल, एक मोठा चमचा’ अशी वेगळी ओळ करून भरतो.