चोवीस मिलिसेकंदांचे सिंगापूर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात फायबरचे कनेक्शन आल्यापासून माझा पुतण्या रात्री ऑनलाइन गेम खेळतो. त्याचे मित्र ज्या सर्व्हरवर जमतात तो सिंगापूरचा असून गेममध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, ९२ मिलिसेकंदांच्या आसपास दिसते. ते कमी करून देतो असे एका चॅट ग्रुपवरील माणसाने सांगितले आणि आपला डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारे गेमिंग व्हीपीएन, खास डीएनएस व डेटाच्या पाकिटांचा कमाल आकार बदलणारे 'एमटीयू ट्यूनिंग' यांचे वर्षाचे १,८०० रुपये आम्ही त्याला पाठवले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याने ज्या रीतीने आमची खात्री पटवली ती रीत इतरांना ठाऊक असावी म्हणून हे लिहीत आहे.

त्याने दुरून आमच्या लॅपटॉपचा ताबा घेतला आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत गेमच्या सर्व्हरला पिंग करून ९२ हा आकडा दाखवला. मग डीएनएसच्या जागी 1.1.1.1 भरले, पुन्हा पिंग केले आणि म्हणाला, "बघा भाऊ, २४ वर आलं." पुतण्या हरखला. मीही त्या वेळी आकडाच पाहिला, आकड्याशेजारचा पत्ता पाहिला नाही. दुसऱ्या वेळी त्याने गेमच्या सर्व्हरला नव्हे, तर थेट 1.1.1.1 लाच पिंग केले होते. हा पत्ता एकाच वेळी जगभरातील अनेक शहरांतून उत्तर देतो, त्यामुळे आमच्याकडे उत्तर जवळच्या शहरातून येते आणि गेमचा सर्व्हर मात्र जिथे होता तिथेच राहतो.

खरे तर २४ हा आकडा ऐकताच शंका यायला हवी होती. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २००. आमच्या गावापासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,५०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ७,०००. केबल सरळ रेषेत टाकली असती आणि वाटेत एकही यंत्र नसते, तरी ३५ मिलिसेकंदांखाली उत्तर येणे शक्य नाही. शिवाय डीएनएसचे काम नावावरून पत्ता शोधून देण्यापुरतेच असते. सामना सुरू झाल्यावर पाकिटे थेट त्या पत्त्यावर जातात आणि डीएनएसला कोणी विचारतही नाही.

गेममध्ये आकडा हलला नाही तेव्हा आम्ही स्वतः तपासायला बसलो. सामना सुरू असताना विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये, नेटवर्कच्या टॅबवर, गेम कोणत्या पत्त्याशी बोलतो ते दिसते. तो पत्ता टिपून घेतला आणि व्हीपीएन बंद ठेवून, नंतर चालू करून, संध्याकाळच्या एकाच तासात तीन-तीन वेळा वाटेतला प्रत्येक टप्पा एकेका ओळीत दाखवणारी ही आज्ञा चालवली:

```
tracert -d <सर्व्हरचा पत्ता>
```

व्हीपीएन बंद असताना पहिली ओळ आमच्या राउटरची, २ मिलिसेकंदांची होती आणि शेवटची ९२ ची. व्हीपीएन चालू केल्यावर पहिलीच ओळ २६ ची आली आणि शेवटची ९८ ची. व्हीपीएनच्या अॅपवर मोठ्या हिरव्या अक्षरांत जे '२६' झळकत होते, ते केवळ त्यांच्या मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचे अंतर होते. पुढचा समुद्र ओलांडायचा बाकीच होता. मधल्या ओळींत आकड्यांऐवजी * अशा चांदण्या दिसल्या किंवा एखादा आकडा उगाच मोठा आला तर घाबरू नये, कारण अनेक राउटर अशा चौकशीला उत्तर देत नाहीत किंवा सावकाश देतात. तुलना शेवटच्या ओळीची करावी. व्हीपीएनने कधीच फायदा होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. इंटरनेट कंपनी पाकिटे आडवाटेने फिरवत असेल, तर व्हीपीएनची वाट जवळची ठरू शकते. पण तसे असल्यास शेवटच्या ओळीचा आकडा प्रत्येक वेळी कमी झालेला दिसेल.

एमटीयूचा घोळ उशिरा लक्षात आला. व्हीपीएन बंद करून, पाकिटाचे तुकडे न करता ते पाठवण्याची पुढील चाचणी केली, तर १००० बाइटचे पाकीटसुद्धा विंडोजने नाकारले:

```
ping -f -l 1000 1.1.1.1
netsh interface ipv4 show subinterfaces
```

दुसऱ्या आज्ञेने कारण दाखवले: त्या माणसाने एमटीयू ५७६ करून ठेवला होता. तो पुन्हा १५०० केल्यावर १४७२ चे पाकीट अडले आणि १४६४ चे गेले. त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात आणि आमच्यासारख्या, युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनवर इतकेच अपेक्षित असते. त्यामुळे आम्ही १४९२ ठेवले. गेमची पाकिटे बहुधा काहीशे बाइटचीच असल्याने ५७६ मध्येही ती अखंड जात होती, त्यामुळे पिंगला त्याचा काही उपयोग नव्हता. मोठ्या डाउनलोडची मात्र विनाकारण अडीचपटीहून अधिक तुकड्यांत वाटणी होत होती.

हे सारे स्क्रीनशॉट पाठवून पैसे परत मागितले, तेव्हा "सर्व्हर बिझी असेल" एवढे उत्तर आले आणि थोड्या वेळाने आम्हाला ग्रुपमधून काढले गेले. पुतण्याने गेमच्या सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडून पाहिला, तर पिंग ३१ आले. मित्र तिकडे यायला अजून तयार नाहीत.