डायमंड, ट्रेलिस आणि ट्विन-स्पार: नऊ महिने तिन्ही चालवून

घरात सध्या वेगवेगळ्या फ्रेमच्या तीन मोटरसायकली आहेत, माझी जुनी एफझी (डायमंड फ्रेम), नऊ महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँड ३९० ड्यूक (ट्रेलिस) आणि धाकट्या भावाची आर१५, जिची डेल्टाबॉक्स म्हणजे ट्विन-स्पारच. ताम्हिणीला तिन्ही आलटून पालटून नेतो.

फ्रेमचं खरं काम मला एफझीमुळे कळलं. क्लचप्लेट बदलून आणली आणि आठवड्याभरात साधारण पाच हजार आरपीएमला फूटपेग झिणझिणायला लागले, वळणात मागचं चाक पण जरा उशिराने येतंय असं वाटायचं. आधी टायरची हवा बघितली, मग चेन, मग स्विंगआर्म हलवून बघितला, सगळं ठीक. शेवटी इंजिनचा मागचा माउंटिंग बोल्ट बघितला तर नटाखाली चमकदार घासलेलं कडं, म्हणजे नट नीट आवळलाच नव्हता. डायमंड फ्रेम खालून उघडी असते, तिथला नळीचा पाळणा नसतोच, ती जागा इंजिनचा केसच भरून काढतो. म्हणून बोल्ट सैल झाला की नुसतं इंजिन हलत नाही, अख्खी फ्रेम मऊ होते. टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळला आणि गाडी परत सरळ झाली. बनवायला सोपी, हलकी फ्रेम आहे, रोजच्या वापराला मला ती पुरते.

ड्यूकमध्ये पण इंजिन भार घेतंच, पण वर नळ्यांचे त्रिकोण आहेत. त्रिकोणात नळीवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकवणारा जोर कमी, म्हणून बारीक नळी पुरते. ब्रेक दाबून वळणात घातली तरी पुढचं-मागचं एकत्र येतं. पण सांधे खूप, त्यामुळे वेल्डिंगचं काम वाढतं. पावसाळ्यानंतर मी प्रत्येक सांधा कापडाने पुसून बघतो, रंगाखालून गंजाची रेघ दिसली तर लगेच घासून रंग लावायचा.

आर१५ची गोष्ट वेगळी. हँडलच्या मानेपासून स्विंगआर्मच्या पिव्हटपर्यंत दोन रुंद पेटीसारखे बीम जवळजवळ सरळ जातात, म्हणून पीळ फारच कमी बसतो. वजनाचं म्हणाल तर ट्विन-स्पार हलकी अशी ख्याती अॅल्युमिनियममुळे आहे, इथे स्टील आहे, त्यामुळे तो फायदा धरू नका. आणि तिन्ही गाड्यांची एकूण वजनं लावून फ्रेमचा निकाल काढू नका, इंजिन आणि फेअरिंगचाच फरक जास्त असतो.

जास्त कडक म्हणजे नेहमी चांगलं असंही नाही. गाडी पूर्ण झुकलेली असताना सस्पेन्शन खड्ड्याच्या दिशेत काम करत नाही, तेव्हा फ्रेमला आडवं थोडं लवावंच लागतं, नाहीतर चाक उडतं. डुकाटीने मोटोजीपीत २००९ला ट्रेलिस सोडून कार्बन घेतला आणि २०१२ला अॅल्युमिनियमच्या ट्विन-स्पारवर आले, तेव्हा एवढ्या मोठ्या टीमला सुद्धा हा मेळ घालायला वेळ लागला.

सेकंडहँड घेताना आधी इंजिन माउंटचे नट बघा, कडं घासलेलं दिसलं तर भाव करायच्या आधी टॉर्क तपासून घ्या.