कंपनी बंद करताना: सॉल्व्हन्सीचं घोषणापत्र की इन्डेम्निटी बाँड?

कुणाचे पैसे बुडवलेले नसलेली छोटी खासगी कंपनी बंद करायची म्हटलं की वाटा दोनच उरतात. एक, कंपनी रजिस्ट्रारकडे एसटीके-२ हा फॉर्म भरून नाव काढून टाकायचं, म्हणजे स्ट्राइक ऑफ. दुसरी, दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ खालचं ऐच्छिक लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून, देणी फेडून कंपनी गुंडाळणं. त्याची सुरुवात संचालकांच्या सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे कंपनी सगळी देणी फेडू शकते अशा घोषणापत्राने होते. आम्ही तिघा संचालकांनी दोन वर्षांपूर्वी यातली एक वाट निवडली. आमच्या सीएंचा कल पहिल्या वाटेकडे होता आणि खर्चाचा विचार केला तर त्यांचं चूक नव्हतं. स्ट्राइक ऑफची सरकारी फी दहा हजार रुपये. लिक्विडेशनमध्ये लिक्विडेटरची फी, व्हॅल्युअरची फी, जाहिराती आणि शेवटी एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज असं बरंच काही येतं. तरीही आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. तुमचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

कारण एका कागदात होतं. एसटीके-२ सोबत प्रत्येक संचालकाला एसटीके-३ म्हणजे इन्डेम्निटी बाँड द्यावा लागतो. कंपनीचं नाव निघून गेल्यावर कुणाची देणी निघाली तर ती आम्ही भागवू, अशी ती हमी. आमच्या तिसऱ्या संचालिका म्हणजे सहसंचालकाच्या पत्नी. सुरुवातीला दुसरी सही हवी म्हणून त्यांचं नाव घातलं होतं आणि मग ते तसंच राहून गेलं. सीएंच्या टेबलावर स्टँप पेपर ठेवलेला, पेन हातात, आणि त्यांनी विचारलं, "यात रक्कम कुठे लिहिलीय?" नव्हती. "मग हे संपतं कधी?" सीए जरा हसून म्हणाले, "वहिनी, तसं ते संपत नाही." वहिनींनी पेनचं टोपण लावलं.

मलाही तोपर्यंत तो बाँड म्हणजे नेहमीची फॉर्म्यालिटी वाटत होती. घरी जाऊन कंपनी कायद्याचं कलम २४८ नीट वाचलं. नाव काढल्यानंतरही संचालक आणि सभासदांची जी जबाबदारी असेल ती चालू राहते, कंपनी विसर्जित झालीच नाही असं समजून ती वसूल करता येते. कलम २५२ खाली कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांच्या आत कंपनी पुन्हा जिवंत करायला अर्ज करू शकतो. आणि अर्ज मुळातच देणी चुकवण्यासाठी वा धनकोंना फसवण्यासाठी केला होता असं ठरलं, तर कलम २५१ खाली कारभार पाहणारे वैयक्तिक आणि संयुक्तपणे जबाबदार होतात, वर कलम ४४७ चा फसवणुकीचा गुन्हा. कंपनीत खरोखर काहीच उरलं नसेल, कधी व्यवहारच झाला नसेल, तर हे सगळं कागदावरच राहतं. अशा कंपनीसाठी मीही स्ट्राइक ऑफच करेन. आमच्याकडे मात्र कारखाना होता, कामगार होते आणि आयकराची स्क्रुटिनी चालू होती. शिवाय एसटीके-२ करायला आधी सगळी देणी मिटवलेली असावी लागतात. स्क्रुटिनी उघडी असताना ती मिटली असं शपथेवर कसं लिहायचं?

आता दुसरी बाजू. घोषणापत्रही काही साधा कागद नाही. बहुसंख्य संचालकांनी शपथपत्रावर सांगायचं असतं की कंपनीच्या कारभाराची आम्ही पूर्ण चौकशी केली; कंपनीवर कर्ज नाही, किंवा असलं तर मालमत्ता विकून येणाऱ्या पैशातून ते पूर्ण फिटेल, असं आमचं मत झालं आहे; आणि कुणाला फसवण्यासाठी हे चाललेलं नाही. सोबत मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि मालमत्ता असेल तर नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल. २०२४ पासून त्यात प्रलंबित दावे आणि असेसमेंट्सही उघड करायची आणि त्यासाठी पुरेशी तरतूद केली आहे असं सांगायचं. घोषणेपासून चार आठवड्यांच्या आत विशेष ठराव. कर्ज असेल तर रकमेने दोन तृतीयांश धनकोंची मंजुरी ठरावानंतर सात दिवसांत.

फरक माझ्या लेखी असा: बाँड पुढच्या सगळ्या काळाची हमी मागतो, घोषणापत्र आजच्या तारखेचं, चौकशीअंती झालेलं मत मागतं. हमी चुकली की पैसे भरायचे. मत चुकलं तर आधी प्रश्न येतो, ते मत कशावर बेतलं होतं? म्हणून सगळा जीव 'पूर्ण चौकशी' या दोन शब्दांत आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच ताळेबंदाची झेरॉक्स जोडून उरकतात.

आम्हीही तसंच करणार होतो. ताळेबंदाप्रमाणे बँकेत ३१ लाख, येणी १८ लाख, यंत्रं १२ लाख; एकूण ६१. देणी १२ लाख. म्हणजे ४९ लाख शिल्लक, निर्धास्त सही करायची. नेमायच्या लिक्विडेटर बाई मात्र म्हणाल्या, सही तुमची आहे, पण दोन आठवडे घ्या आणि एकेक ओळ स्वतः तपासा.

येण्यांपैकी सात लाख तीन वर्षांपूर्वीचे निघाले. त्यातल्या एका गिऱ्हाइकाने तर दुकानच बंद केलेलं. व्हॅल्युअरने यंत्रांना सात लाख लावले. ६१ चे ४९ लाख झाले. देण्यांच्या बाजूला सर्वात मोठी चपराक ग्रॅच्युइटीची. पाच वर्षांपेक्षा जुने कामगार होते, पण तरतूद आम्ही कधी केलीच नव्हती. हिशेब केला तर पाच लाख. टीडीएसच्या जुन्या तिमाहींची विवरणपत्रं उशिरा भरल्याची लेट फी दिवसाला दोनशे रुपयांनी चढत ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवर पडून होती, चाळीस हजार. एका ग्राहकाचा माल खराब निघाल्याचा सहा लाखांचा दावा होता. वकील म्हणत होते टिकणार नाही, तरी आम्ही तो पूर्ण धरला. स्क्रुटिनीचे, करसल्लागाराच्या लेखी अंदाजाने, आठ लाख. प्रक्रियेचा खर्च चार. जुन्या १२ मध्ये हे सगळं मिळवलं तर ३५ लाख ४० हजार. उरले १३ लाख ६० हजार.

सॉल्व्हंट होतो, पण ४९ लाखांच्या उशीवर नव्हतो. स्क्रुटिनीची मागणी आठऐवजी २५ लाख आली असती तर आम्ही तीन लाख चाळीस हजारांनी बुडालो असतो. म्हणजे आमचं अख्खं घोषणापत्र एका आकड्यावर उभं होतं. तो आकडा कुणी, कधी, कोणत्या आधारावर दिला याचं सही-तारखेचं पत्र आम्ही फाईलला लावलं. घोषणापत्र खोटं ठरतंय असं उद्या कुणी म्हणालं, तर वाचवणारा कागद तोच.

खोटं ठरलं तर काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मत प्रामाणिक होतं पण पैसे पुरत नाहीत, असं लिक्विडेटरला दिसलं, तर त्याला एनसीएलटीकडे अर्ज करून प्रक्रिया थांबवायला सांगावं लागतं आणि पुढे काय ते न्यायाधिकरण ठरवतं. लिक्विडेटर तुम्ही नेमलेला असला तरी हे त्याच्या मर्जीवर नाही. ऐच्छिकपणा तिथे संपतो. दुसरी गोष्ट, हेतूच फसवायचा होता. तेव्हाही लिक्विडेटरला अर्ज करावाच लागतो, आणि संहितेच्या कलम ६५ खाली एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मालमत्ता लपवणं, वह्यांमध्ये फेरफार, माहिती जाणूनबुजून गाळणं यांवरची संहितेची फौजदारी कलमं आवश्यक त्या फेरफारांसह ऐच्छिक लिक्विडेशनलाही लागू आहेत. तिथे तीन ते पाच वर्षं कैद, एक लाख ते एक कोटी दंड किंवा दोन्ही. खोट्या शपथपत्राचं प्रकरण वेगळंच.

एक जुना संदर्भ इथे कामाचा आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ४८८ खाली घोषणापत्रात मुदत लिहायची असे, जास्तीत जास्त तीन वर्षं. त्या मुदतीत देणी फिटली नाहीत, तर संचालकांच्या मताला वाजवी आधार नव्हता असंच गृहीत धरलं जाई. आधार होता हे त्यांनी सिद्ध करायचं. इंग्लंडच्या कायद्यात असं गृहीतक आजही आहे, तिथे मुदत बारा महिन्यांची. आपल्या कलम ५९ मध्ये ते आलेलं नाही. काही जण यालाच पळवाट समजतात. मला तसं वाटत नाही. लिक्विडेटर जुने व्यवहारही तपासतो, आणि घोषणेच्या आदल्या महिन्यात तुम्ही फक्त मेहुण्याच्या फर्मचे पैसे भागवून बाकीच्यांना ताटकळत ठेवलं असेल, तर आधार होता की नाही हे कुणाला गृहीत धरावं लागत नाही. आम्ही पुरवठादारांचे पैसे ठरावाआधी दिले, पण सगळ्यांचे आणि पूर्ण. ग्रॅच्युइटीही त्याच आठवड्यात.

या वाटेचा जाचही सांगायला हवा. लिक्विडेशन हा शब्द ऐकला की माणसं घाबरतात. जाहिरात पेपरात आली त्या दिवशी मला सात फोन आले, त्यातले दोन नातेवाइकांचे. नियमात मुदत धनकोंची मंजुरी लागलेली असेल तर २७० दिवस, नाहीतर ९० दिवस अशी आहे, पण विसर्जनाचा आदेश न्यायाधिकरणाच्या सवडीने येतो. आणि घोषणापत्राने सगळं पुसलं जातं असंही नाही. फसवणूक निघाली तर विसर्जनाचा आदेश संचालकाला वाचवत नाही, आणि खासगी कंपनीच्या थकलेल्या आयकरासाठी संचालकाच्या मागे लागण्याचा खात्याचा अधिकार वेगळा राहतोच.

पण जाहिरातीचा एक उपयोग झाला. धनकोंना दावे द्यायला लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेपासून तीस दिवस असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी एका जुन्या वाहतूकदाराचा ८५ हजारांचा दावा आला. आमच्या वह्यांत तो कुठेच नव्हता. लिक्विडेटर बाईंनी पावत्या तपासून ६२ हजार मान्य केले, ते त्या १३ लाख ६० हजारांतून गेले. स्ट्राइक ऑफ केलं असतं तर तो माणूस कधीतरी वहिनींचा बाँड घेऊन दारात उभा राहिला असता. घोषणापत्रावर सही आम्हा दोघांचीच होती. तिघांत दोन म्हणजे बहुमत, त्यामुळे वहिनींना पेन पुन्हा उघडावं लागलं नाही.