चोवीस गेजची चार्जिंग केबल, पावसाळा ते उन्हाळा: वापरानंतरचा अनुभव

ही केबल मी मागच्या पावसाळ्यात सांगलीत मारुती रोडवरून घेतली. एक मीटर, टाइप-सी, साधं काळं रबरी आवरण, किंमत तीनशेच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचं आहे ते नावाबद्दल नाही, आतल्या तारेबद्दल आहे. आणि आज लिहायला बसलो ते काल त्याच दुकानदाराशी झालेल्या वादामुळे. तो वाद पुढे येईल.

घेण्याचं कारण आधी. घरातला पाच हजार एमएएचचा फोन रात्री लावला तरी सकाळी पूर्ण भरत नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "बॅटरी गेलीय काका, बदलावी लागेल," आणि दोन हजारांच्या वरचा आकडा सांगितला. चार्जर कोणता, केबल कोणती, एका शब्दाने विचारलं नाही. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. शेतकरी मोटर घेऊन आला की आम्ही आधी डीपीपासून विहिरीपर्यंत केबल किती लांब आणि किती जाड ते विचारतो, मग मोटर खोलतो. दोन हजार रुपये तसे कोणाला द्यायची माझी तयारी नव्हती.

तीनशे-साडेतीनशेला यूएसबी मीटर मिळतं. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावलं तर चार्जरने किती व्होल्ट दिले ते कळतं, केबल आणि फोनच्या मध्ये लावलं तर फोनपर्यंत किती पोचले ते कळतं. दोन्हींतला फरक केबलने खाल्ला. (मोजताना बॅटरी वीस ते पन्नास टक्क्यांत असू द्या आणि स्क्रीन बंद ठेवा. ऐंशीच्या पुढे फोन स्वतःच करंट कमी करतो, तेव्हाचे आकडे धरू नका.) तेव्हा घरात ऐंशी रुपयांची स्टँडवरची केबल होती, वरून छान विणलेलं कापडी आवरण, बोटाएवढी जाड. जुन्या पाच व्होल्टच्या चार्जरवर मीटर बोललं: चार्जरजवळ ५.१ व्होल्ट, फोनजवळ ४.५, करंट ०.६ अँपिअर. चार्जर दोन अँपिअरचा. म्हणजे दहा वॅटच्या जागी फोनला पावणेतीन वॅट मिळत होते. बॅटरीचा यात काय दोष?

मग ती केबल कापली. कापड काढलं, त्याखाली जाड प्लास्टिक, त्यात दोऱ्याएवढ्या चार तारा. लाल आणि काळी या वीज वाहणाऱ्या, बाकीच्या दोन डेटाच्या. लाल तारेत केसासारखे बारीक फक्त सात धागे, प्रत्येक स्क्रू गेजवर ०.१ मिलिमीटर. सात केसांचं मिळून क्षेत्रफळ ०.०५५ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण तीस गेज. वरची सगळी जाडी कापडाची आणि प्लास्टिकची!

इथे गेजचं सांगतो. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, तो वाढला की तार बारीक होते. आमच्या वाइंडिंगच्या तारेचा नंबर एसडब्ल्यूजी असतो, यूएसबी केबलवरचा एडब्ल्यूजी, दोन्ही एक नाहीत, पण दिशा तीच. एडब्ल्यूजीत दर तीन नंबरांना क्षेत्रफळ जवळपास निम्मं होतं आणि रोध दुप्पट. तांब्याच्या चोवीस गेजच्या एक मीटर तारेचा रोध ०.०८४ ओहम, अठ्ठावीसचा ०.२१, तीसचा ०.३४. आणि वीज जाते तशी परतही येते, म्हणून मीटरभर केबलमध्ये तार दोन मीटर धरायची. हे विसरलं की हिशेब निम्म्यावर येतो.

तो हिशेब मी त्या सात केसांवर लावला. तांबं धरलं तर जाऊन-येऊन ०.६३ ओहम. माझ्या फोनचं वागणं मीटरवर स्पष्ट दिसत होतं: येणारा विजेचा दाब साडेचार व्होल्टच्या खाली जाऊ लागला की तो करंट ओढणं कमी करतो. बहुतेक फोन असंच काहीतरी करतात. मोटरचं उलटं असतं. दाब पडला की मोटर जास्त करंट ओढते आणि जळते, फोन माघार घेतो. तर ५.१ मधून ४.५ गेले, खायला उरले ०.६ व्होल्ट. ०.६ भागिले ०.६३, म्हणजे ०.९५ अँपिअर यायला हवे होते. येत होते ०.६. आकडा जुळेना.

केस पॉलिश पेपरवर घासला आणि भिंगातून पाहिलं. वरून तांबूस, आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम! त्याचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट. मग दोन्ही तारा मिळून ०.९४ ओहम, पिनांचा थोडा धरला तर एक ओहम, आणि ०.६ अँपिअर अगदी बरोबर. (उलटंही होतं: कलई केलेलं चांगलं तांबं वरून पांढरं दिसतं, पण घासल्यावर आत लाल निघतं. म्हणून नुसत्या वरच्या रंगावर जाऊ नका.)

आता तापण्याचं. लोक म्हणतात स्वस्त केबल तापते. माझी ती ऐंशीची केबल जुन्या चार्जरवर अजिबात तापत नव्हती, कारण फोनने माघार घेतली होती, करंटच नव्हता. एक ओहममध्ये ०.६ अँपिअर म्हणजे ०.३६ वॅट, हाताला कळतसुद्धा नाही. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते आणि दोष बॅटरीवर जातो. तशीच दुसरी ऐंशीची केबल मुलाच्या फास्ट चार्जरला लावली तेव्हा चित्र पालटलं. तिथे नऊ व्होल्ट येतात. करंट दीड अँपिअर वाहिला, केबलने दीड व्होल्ट खाल्ले तरी फोनपाशी साडेसात उरले. फोनला त्यात अडचण नव्हती, त्याने माघार घेतली नाही. पण दीड व्होल्ट गुणिले दीड अँपिअर म्हणजे सव्वादोन वॅट केबलमध्येच उष्णता झाली. सरळ पसरलेली होती तोवर कोमट, गुंडाळून उशीखाली सरकली तेव्हा चांगलीच गरम. तेव्हा तीच केबल एका चार्जरवर हळू आणि दुसऱ्यावर गरम, कारण एकच.

या पार्श्वभूमीवर मी नवी केबल शोधायला गेलो. पाच-सहा दुकानं फिरलो, एकाही खोक्यावर गेज नाही. "२.४ अँपिअर", "सुपर फास्ट", "दहा हजार वेळा वाकवून तपासलेली" हे सगळं आहे, तार किती जाड ते नाही. याचा मला मनापासून राग येतो. आमच्याकडे गेज न सांगता तार विकली तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढणार नाही. साध्या रबरी केबलवर निदान आवरणावर बारीक अक्षरं छापायला जागा असते. कापडी विणीवर ती छापताच येत नाहीत, आणि आपण कापडीला जास्त पैसे मोजतो. मला जी मिळाली तिच्यावर "२८ एडब्ल्यूजी/१पी, २४ एडब्ल्यूजी/२सी" असं होतं. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, दुसरा वीज वाहणाऱ्या दोन तारांचा. चार्जिंगला दुसराच पाहायचा. काही केबलींवर दोन्हीकडे २८ असतं, ती मीटरभर लांबीला दोन अँपिअरवर जवळपास ०.८५ व्होल्ट खाते, जुन्या चार्जरला कामाची नाही. छापलेला आकडा खरा असेलच असंही नाही, म्हणून घरी येऊन मीटर लावलंच.

त्याच जुन्या चार्जरवर, त्याच फोनवर: १.८ अँपिअर, फोनजवळ ४.७ व्होल्ट. साडेआठ वॅट, पूर्वीच्या तिपटीपेक्षा जास्त. रात्रभर न भरणारा फोन आता जेवण करून टीव्ही बघेपर्यंत भरत येतो. तीच बॅटरी अजून चालू आहे. सर्व्हिस सेंटरचे दोन हजार वाचले ते वाचलेच.

केबल पलंगापर्यंत पोचावी म्हणून बायकोने त्याच कंपनीची दोन मीटरची घ्यायला लावली. लांबी दुप्पट म्हणजे रोध दुप्पट, तीन नंबर बारीक तार घेतल्यासारखं. जुन्या चार्जरवर ती दीड अँपिअरच्या आसपासच थांबते. नऊ व्होल्टवर मात्र फरक जाणवत नाही. लांब हवी असेल तर वीस किंवा बावीस गेज शोधा. ती कडक असते, सहज वळत नाही.

महिन्यापूर्वी हा अनुभव लिहिला असता तर मी पाचपैकी पाच दिले असते. उन्हाळा लागल्यावर मीटरभराच्या केबलचं फोनकडचं टोक फास्ट चार्जरवर चटका बसेल इतकं तापू लागलं. तार गार, मधला भाग गार, फक्त पिन गरम. तार सगळीकडे सारखी तापत असेल तर ती बारीक आहे. एकाच जागी तापत असेल तर तिथे जोड ढिला आहे, किंवा पिनेमागे केबलच्या मानेपाशी आतले केस तुटलेत. त्या एवढ्याशा जागेत ०.२ ओहम वाढले तरी दोन अँपिअरवर ०.८ वॅट होतात, आणि ते मीटरभर पसरत नाहीत, नखाएवढ्या धातूत साठतात. गेज इथे काहीच करू शकत नाही.

फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्टमधला खिशातला कचरा काढला, चांगली बोंडाएवढी लोकर निघाली. पिन पूर्ण आत बसू लागली, तापणं निम्म्यावर आलं. उरलेलं पिनेचंच होतं. केबल मानेपाशी हलवली की करंट पावणेदोनवरून एकवर पडून परत वर यायचा. ती केबल घेऊन काल दुकानात गेलो. खोक्यावर सहा महिन्यांची वॉरंटी छापलेली, बिल खिशात, मुदत संपायला अजून आठवडा होता. दुकानदार म्हणाला, "काका, केबलला कुठं वॉरंटी असते? ती चार्जरला. आणि मीटरबिटर आम्हाला नका दाखवू, फोन चार्ज होतोय की." खोका समोर ठेवला, ओळ वाचून दाखवली. अर्धा तास गेला, शेजारची दोन गिऱ्हाइकं थांबून मीटर बघू लागली, तेव्हा त्याने नवीन दिली.

ही बदलून मिळालेलीही चोवीसचीच आहे, मोजली, ०.२२ ओहम येतात. तारेला पाचपैकी पाच, पिनेला तीन. फोन लावून हातात धरून वापरताना मानेपाशी वाक पडतो, तिथेच केस तुटतात. म्हणून आता चार्जिंगला लावल्यावर फोन टेबलावर सपाट राहतो, आणि केबल काढताना तार नाही, पिन धरून काढायची असं घरात सांगून ठेवलंय.