चिठ्ठीवर 14,200, चलनावर 9,100: किराणावाल्यांनो, आधी चलन बघा

53,000 रुपये. तीन आर्थिक वर्षांत आमच्या दुकानातून एवढे गेले. कुठल्या लिंकवर क्लिक करून नाही, लॉटरीच्या फोनला भुलून नाही. 2017 ला जीएसटी आला तेव्हापासून ज्याच्यावर विश्वास टाकला, त्या कर सल्लागाराने ते नेले. पप्पा त्याला 'वकीलसाहेब' म्हणायचे. वकिलीची सनद त्याच्याकडे नाही, तो सीए नाही, जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणूनही त्याची नोंदणी नाही. हे सगळं आम्हाला आता कळलं. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांचं काम त्याच्याकडे आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं किराणा दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, छोट्या दुकानदारांसाठीच्या सोप्या योजनेत. म्हणजे तीन महिन्यांनी एकदा कर भरून CMP-08 हा फॉर्म भरायचा, वर्षाला एक GSTR-4 हा रिटर्न, आणि कर सरसकट एक टक्का. पण हा टक्का गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, तो दुकानदाराच्या नफ्यातून जातो. तेलाच्या पिशवीमागे, साखरेच्या किलोमागे काय सुटतं हे दुकानदाराला सांगायला नको. त्यातून हे 53,000 गेले आहेत.

मी बी.कॉम.ला आहे. मे महिन्यात सुट्टीवर घरी होते आणि 2024-25 च्या वह्या लावायला बसले. GSTR-4 ची मुदत 30 जून होती, शिवाय बँकेत सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, नूतनीकरण होतं. आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून वस्तूनिहाय विक्री निघते. वर्षाची एकूण विक्री निघाली 48,60,000. त्यात सुटे तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी, मीठ, दूध हा करमुक्त माल 19,20,000 चा. राहिला करपात्र माल, 29,40,000 चा.

आता नियम नीट वाचा, कारण सगळी चोरी इथेच आहे. जुलै 2017 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा व्यापाऱ्याला एकूण उलाढालीवर एक टक्का होता. 1 जानेवारी 2018 पासून तो फक्त करपात्र मालाच्या उलाढालीवर झाला. पप्पांच्या डोक्यात 2017 चाच नियम बसलेला, आणि तो तसाच बसून राहावा यात त्या माणसाचा फायदा होता. किराण्यात करमुक्त माल भरपूर असतो, त्यामुळे फरकही भरपूर पडतो. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगमधलं धान्य करपात्र झालं, पण पोतं फोडून सुटं विकलं तर ते करमुक्तच राहतं. आमची बहुतेक धान्यविक्री सुटीच आहे.

मी पप्पांच्या डायरीतल्या चिठ्ठ्या काढल्या. दर तिमाहीला तो हाताने लिहून चिठ्ठी द्यायचा: एकूण विक्री, खाली एक टक्का, खाली सही. चार चिठ्ठ्यांची बेरीज 48,600. माझ्या हिशेबाने कर व्हायला हवा 29,400. म्हणजे 19,200 जास्त भरले गेले, हिशेबाची चूक झाली, एवढंच मला वाटलं. मी त्याला फोन केला. म्हटलं, "काका, करमुक्त मालावरही कर लागलाय, परतावा मागायचा का?" तो म्हणाला, "कंपोझिशनला परतावा नसतो बेटा. पुढच्या वर्षी बघू." हे खोटं आहे. जास्त भरलेला कर RFD-01 हा परताव्याचा अर्ज भरून दोन वर्षांच्या आत परत मागता येतो. आणि हिशेब चुकला यावर त्याने एक शब्दही वाद घातला नाही. चूक खरी असती तर माणूस आधी म्हणतो, थांब, बघून सांगतो. तो सरळ परताव्यावर गेला.

मग बँकेने कर भरल्याच्या चलनांच्या प्रती मागितल्या. आज देतो, उद्या देतो करत शेवटी त्याने पीडीएफ पाठवल्या, कारण बँकेच्या माणसाने त्याला थेट फोन केला होता. ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 ची तिमाही, दिवाळीची. चिठ्ठीवर एकूण विक्री 14,20,000 आणि कर 14,200. भरलेल्या CMP-08 मध्येही पहिल्या ओळीत, जिथे करमुक्त धरून सगळी विक्री लिहायची असते तिथे, 14,20,000 च. पण कर 4,550 केंद्राचा आणि 4,550 राज्याचा. एकूण 9,100. त्या तिमाहीत आमची करपात्र विक्री 9,10,000 होती.

पोर्टलवर हिशेब पैशापर्यंत बरोबर होता! चूक फक्त आम्हाला दिलेल्या चिठ्ठीत होती. त्याला 2018 चा नियम पाठ होता. सरकारला तो बरोबर भरायचा आणि आमच्याकडून 2017 च्या नियमाने घ्यायचा. एका तिमाहीत 5,100 त्याचे.

2024-25 ला 19,200, 2023-24 ला 17,600, 2022-23 ला 16,200. बेरीज 53,000. सॉफ्टवेअर एप्रिल 2022 मध्ये घेतलं, त्यामुळे त्याआधीची वस्तूनिहाय विक्री काढता येत नाही. तेव्हाही हेच चाललं असणार, पण सिद्ध करता येत नाही. याशिवाय वर्षाला 9,000 फी वेगळी, ती पप्पांनी एकदाही थकवली नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच दिवाळीच्या तिमाहीचे पैसे मीच पाठवले होते. पप्पांच्या हातात माप होतं, ते म्हणाले, "वकीलसाहेबांना चौदा हजार दोनशे टाक." फोनवर घेणाऱ्याचं नाव आलं, त्याचं स्वतःचं. सरकारचा कर एका माणसाच्या बचत खात्यात चालला होता आणि मी पिन टाकला. तिथेच थांबायला हवं होतं. पण फीसुद्धा त्याच खात्यात जायची, अख्खी पेठ तशीच पाठवते, आणि कोणाच्याही खात्यातून चलन भरता येतं हे खरंच आहे. सकाळी सहा ते रात्री नऊ गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने कायद्यातली दुरुस्ती वाचायची कधी? म्हणून तर तो फी देतो. पप्पांना भोळे म्हणणाऱ्यांनी आधी आपलं चलन उघडून बघावं.

चलन उघडणंही त्याने अवघड करून ठेवलं होतं. नोंदणी करताना त्याने स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकला होता. रिटर्न भरल्याचा मेसेज त्याला, ओटीपी त्याला, पासवर्डही त्याच्याकडे. पासवर्ड मागितला तर पप्पांना म्हणाला, "मी काम सोडलं आणि वार्षिक रिटर्न राहिला तर नोंदणी रद्द होईल, मग बघा." ही सरळ धमकी होती. यावर उपाय आहे आणि तो कोणी सांगत नाही: ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याने पॅन, आधार आणि दुकानाचे कागद घेऊन आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. तो मोबाइल आणि ईमेल बदलून देतो आणि नवा पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. आमचा अर्ज GSTR-4 च्या मुदतीच्या तोंडावर कसाबसा पार पडला. मग Services > Payments > Challan History मध्ये तिन्ही वर्षांची चलनं एका जागी दिसली. तेव्हा पप्पा काहीच बोलले नाहीत.

पण त्या कार्यालयाने केलं ते एवढंच. तक्रार द्यायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुमचा कर पूर्ण भरलाय, थकबाकी शून्य. आमचं काय नुकसान झालं? तुमचा आणि सल्लागाराचा खासगी व्यवहार आहे." सरकारचा एक रुपया बुडाला असता तर नोटीस आली असती, 18 टक्के व्याज लागलं असतं. दुकानदाराचे 53,000 गेले तर विचारायला टेबलच नाही. नोंदणीकृत प्रॅक्टिशनर असता तर त्याच्यावर कारवाई करता आली असती म्हणे. हा नोंदणीकृत नाही, म्हणून कारवाई नाही! विनानोंदणी काम करणारा जास्त सुरक्षित, हा कुठला न्याय?

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं, दिवाणी मामला आहे. मग म्हणाले, पैसे यूपीआयने दिलेत म्हणजे सायबर, 1930 ला फोन करा. तिथे म्हणाले, तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वतःहून पैसे पाठवलेत, हे आमच्यात बसत नाही. पुन्हा ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "त्याने दहा हजार परत दिलेत ना? मग फसवायचा हेतू कसा?" होय, पोलिसात जातो म्हटल्यावर त्याने 10,000 टाकले होते, 'हिशेबात गफलत झाली' म्हणून. ते आम्ही घेतले आणि तेच आमच्या विरोधात वापरलं गेलं. असा माणूस थोडे पैसे परत देऊ लागला तर घेताना लेखी लिहून द्या की एवढी रक्कम मिळाली आणि एवढी बाकी आहे. खोटी चिठ्ठी देऊन तीन वर्षं पैसे उकळणं ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणतात? गुन्हा नोंदवून घेत नाहीत तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे आम्हाला ठाण्यात कोणी सांगितलं नाही. कॉलेजच्या एका मॅडमनी सांगितलं. तक्रार रजिस्टर पोस्टाने गेली आहे, पोहोच आली आहे, उत्तर नाही.

चिठ्ठ्या फाडू नका. त्याच्या अक्षरातल्या, सहीच्या त्या चिठ्ठ्याच आज आमचा एकमेव पुरावा आहेत. कर घेणाऱ्या माणसाकडून चलनाची पीडीएफ मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा नको. त्यावर सीपीआयएन, म्हणजे चलनाचा चौदा आकडी क्रमांक असतो. आणि चिठ्ठीत एकूण विक्री आणि एक टक्का एवढंच असेल, करमुक्त माल वजा केलेला कुठे दिसत नसेल, तर तुम्हीही आमच्याच रांगेत आहात. एकतर तुम्ही सरकारला जास्त भरताय, नाहीतर मधला माणूस खातोय. दोन्ही चलनावरून लगेच कळतं.

आता आमचं चलन मी काढते आणि पप्पांच्या खात्यातून भरते, तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या 18 तारखेच्या आत. अर्धा तासही लागत नाही. त्या माणसाकडे 43,000 बाकी आहेत आणि त्याचं ऑफिस रोज उघडतं. आमच्या पेठेतल्या दोघांनी आपली चलनं काढून पाहिली, दोघांचाही फरक निघाला, पण तक्रारीवर सही करायला तयार नाहीत, "उगाच जीएसटीवाले मागे लागतील" म्हणून. कर पूर्ण भरलेला आहे हे त्याच चलनात लिहिलंय. त्यांनी सह्या केल्या तर पुढची तक्रार आम्ही तिघांच्या नावाने देऊ, नाही केल्या तर एकट्या पप्पांच्या नावाने.