दुसरा एसी, तिसरा स्लॅब: उन्हाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

पुण्यात आमच्या घरी एक एसी आधीपासून होता. 2024 च्या मार्चअखेर मुलीच्या खोलीत दुसरा बसवला: दीड टन, तीन स्टार, इन्व्हर्टर. थंडावा उत्तम, आवाज कमी, खोली वीसेक मिनिटांत गार होते. मशीनबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. लिहायचंय ते बिलाबद्दल, कारण दुकानात सांगितलेला महिन्याचा खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च यांत दुपटीहून जास्त फरक निघाला.

दुकानदाराने स्टारच्या लेबलवर बोट ठेवलं. वर्षाला 960 युनिट. हा आकडा 1600 तासांच्या वापरावर काढलेला असतो, म्हणजे तासाला साधारण 0.6 युनिट. रात्री आठ तास धरले तर महिन्याला 144 युनिट. इथवर सगळं बरोबर. पुढे त्याने "युनिटला आठ रुपये धरा" म्हणत साडेअकराशेचा आकडा सांगितला. गडबड या आठ रुपयांत आहे.

इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या लाइनवर छोटा सबमीटर बसवून घेतला होता. मेच्या बिलावर एकूण 434 युनिट आले आणि सबमीटरवर 144, म्हणजे लेबलचा अंदाज जवळजवळ तंतोतंत ठरला. दुसरा एसी नसता तर 290 युनिटचं बिल आलं असतं.

आता महावितरणचे 2024-25 चे घरगुती दर पाहा. पहिल्या 100 युनिटला 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55 आणि त्यावर 16.64. प्रत्येक युनिटवर 1.17 रुपये वहन आकार वेगळा, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. हे धरून तिसऱ्या स्लॅबमधलं एक युनिट सव्वाअठरा रुपयांना पडतं. आमच्या 144 पैकी फक्त 10 युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये बसले, बाकीचे 134 तिसऱ्यात गेले. हिशोब लावला तर दुसऱ्या एसीचे 2,576 रुपये होतात. (स्थिर आकार धरलेला नाही, तो एसी असो-नसो भरायचाच. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तोही सोडलाय.)

आमच्या हिनं वेगळा हिशोब मांडला: एकूण बिल भागिले युनिट, म्हणजे सरासरी 13.33 रुपये, त्यानुसार एसीचे 1,919. दिसायला रास्त, पण एसी बंद केल्यावर वाचणारे पैसे यातून कळत नाहीत. बंद केल्यावर वाचतात ते वरच्या स्लॅबमधले युनिट, पहिले स्वस्त शंभर नव्हेत. आणि हे फक्त दुसऱ्या एसीला लागू नाही. जुना एसी तासभर कमी चालवला तरी मेमध्ये प्रत्येक युनिटमागे तेवढेच सव्वाअठरा वाचतात. मीटरला कुठलं युनिट कुठल्या खोलीतलं ते कळत नाही.

सोसायटीत एक समज पक्का आहे की 300 ओलांडले की सगळं बिल महाग दराने लागतं. तसं नाही. 301 वं युनिट महाग लागतं, आधीचे 300 जुन्याच दराने राहतात. माझा दिल्लीतला मावसभाऊ मात्र खरोखर 400 च्या आकड्याला घाबरतो, कारण तिथे 201 ते 400 युनिटपर्यंत निम्म्या बिलाचं अनुदान मिळतं आणि त्यापुढे एक युनिट गेलं की त्या महिन्याचं सगळं अनुदान जातं. आपल्याकडे पायरी आहे, तिकडे कडा.

म्हणून "एसीचा महिन्याचा खर्च किती" याला एकच उत्तर नाही. एरवी 90 युनिट जाळणाऱ्या घरात हाच एसी तितकाच चालवला तर 1,850 रुपये वाढतात. एरवी 480 जाळणाऱ्या घरात 2,926. मशीन तेच, रात्री तितक्याच.

एक सावधगिरी. फेब्रुवारीचं आणि मेचं बिल शेजारी ठेवून फरक एसीच्या माथी मारू नका. मेमध्ये फ्रिज जास्त चालतो, पंखे दिवसभर फिरतात. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यातला निदान मागच्या वर्षीचा मे बघा. सबमीटर असेल तर प्रश्नच मिटला.

आता पाच स्टारचं. आम्ही पाहिलेल्या पाच स्टारच्या लेबलवर 750 युनिट होते. त्या हिशोबाने महिन्याला बत्तीसेक युनिट वाचले असते, म्हणजे आमच्या स्लॅबमध्ये सुमारे 580 रुपये. नव्वद युनिटच्या घरात त्याच बत्तीस युनिटांचे सव्वाचारशे वाचतील. त्यामुळे जास्तीची किंमत किती उन्हाळ्यांत वसूल होईल हे दुकानातला तक्ता सांगू शकत नाही. खरेदीला जाताना मेचं जुनं बिल खिशात ठेवा आणि आपले शेवटचे युनिट कुठल्या दराने लागलेत ते तिथेच बघा.